डब्ल्यू म्हणजे थांबायचं, पण कोणी?

सरिता पगारेला "थांब" म्हटलेलं चालत नाही. नाशिकरोडच्या कॉलेजात मी तिला इंग्रजी शिकवायचे, तेव्हापासूनचं हे. स्कॉलरशिपच्या खिडकीवरचा क्लार्क एकदा तिला म्हणाला, "थांब गं जरा, चहा येतोय." तर ही पोरगी म्हणाली, "चहा तुमचा येतोय, सर. माझी परीक्षा चाललीय." मी मागेच उभी होते. क्लार्कने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मी तिला दटावावं. मी कशाला दटावते? मलाही तिथे अर्धा तास झाला होता.

तिचे वडील काळू पगारे मालधक्क्यावर हमाली करायचे. आई भिमाबाई चार घरची धुणीभांडी करून संध्याकाळी विहारात लहान मुलांना वंदना शिकवायच्या. या घरातल्या माणसांनी आयुष्यात इतकं थांबून घेतलंय, की पोरीच्या वाट्याचं थांबणं बहुधा त्यांनीच संपवलं. भिमाबाई मला म्हणायच्या, "बाई, हिला तुम्हीच समजवा. हिचं तोंड हिला नोकरी लागू द्यायचं नाही." नोकरी लागली. तोंडामुळे राहते की जाते, एवढाच प्रश्न होता, आणि तोच सांगायला बसलेय.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिकचे सुटे भाग करणारी एक कंपनी आहे. नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही. मुख्य ऑफिस पुण्याला. सरिता तिथे डिस्पॅचला लागली, म्हणजे माल बांधून, कागद लावून ट्रक रवाना करायचे. बापाने पाठीवर वाहिलं ते हिने कागदावर वाहायला घेतलं, आणि चोख वाहिलं. पण कायम करायचं नाव नाही. सहा महिन्यांची ऑर्डर, संपली की पुन्हा सहा महिन्यांची. विचारलं की उत्तर ठरलेलं: "थांबा, मॅडम. वरून यायचंय." वरून म्हणजे पुण्याहून, डिस्पॅचच्या साहेबांकडून. धनराज सोमवंशी त्यांचं नाव. यांना मी कधी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलंय, आणि ऐकलं तेवढं पुरे झालं.

दोन हजार सहा साली कंपनीने तिला एक नोकिया दिला. तेव्हा कंपनीचा फोन मिळाला म्हणजे माणूस कायम झाल्यासारखाच, असं भिमाबाईंना वाटलं. त्यांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले आणि म्हटलं, "फोन कायम झालाय, पोरगी नाही." सरिता हसली, भिमाबाई नाही हसल्या.

फोनमध्ये नंबर भरून दिले ते पुण्याच्या किशोरने. हा संगणक आणि फोनचं बघणारा. माणूस वाईट नाही, फक्त घाईत. त्याने तिला एक युक्ती दाखवली ती खरोखर सोयीची होती. कंपनीच्या मुख्य नंबरावर, म्हणजे बोर्डावर, फोन लावला की टेपवरची बाई उचलते, स्वागत करते आणि म्हणते, हवं ते एक्स्टेन्शन दाबा. दर वेळी ते कोण दाबत बसणार? तर नंबर सेव्ह करतानाच बोर्डाच्या नंबरापुढे स्टारचं बटण पुन्हा पुन्हा दाबायचं. आधी स्टार येतो, मग अधिकचं चिन्ह, मग इंग्रजी पी. तो पी ठेवायचा आणि पुढे डिस्पॅचच्या शेडचं एक्स्टेन्शन लिहायचं. मग फोन लागला की पीपाशी तो दोनेक सेकंद दम घेतो आणि पुढचे आकडे आपले आपण पाठवतो. टेपवरची बाई बोलत असली तरी बोर्ड ते आकडे ऐकतो आणि शेडमधली घंटा वाजते.

"पी म्हणजे पॉज," किशोर म्हणाला. "आपोआप जातं. मध्ये कशाला हात लावायचा नाही. चुकून बटण दाबलंत तर भलतंच एक्स्टेन्शन लागेल."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्याच्या पोटी जन्मला.

आता त्या कंपनीची आठवड्याची बैठक. पुणे, औरंगाबाद, नाशिक आणि आणखी कुठकुठले लोक फोनवरच जमायचे. पुण्याचा एक नंबर लावायचा, मग आपला कोड आणि शेवटी हॅश दाबला की आत सोडतात आणि सगळ्यांचं बोलणं ऐकू येतं. हे जमणं शनिवारी सकाळी. आणि अंबड-सातपूरला शनिवारी असते सुट्टी! कारखान्यांच्या विजेचा भार वाटून द्यायला आमच्याकडे वार ठरवून दिलाय, हे नाशकातलं शेंबडं पोरही सांगेल. पुण्याच्या साहेबांना कुणी सांगितलेलं नव्हतं, किंवा सांगितलेलं त्यांच्या कानावरून गेलं होतं. सरिताने सुरुवातीलाच किशोरकडे कुरकुर केली, तर तो म्हणाला, "कॉलच तर आहे, घरूनच घ्या ना."

घरी तिला रेंज नाही. पत्र्याखाली फोनला एक काडी दिसायची, तीही लाजत. म्हणून ती दर शनिवारी माझ्या गॅलरीत यायची. मी उपनगर नावाच्याच भागात दुसऱ्या मजल्यावर राहते, समोर मोकळं मैदान आहे. ती आली की मी चहा टाकायचे आणि पेपर वाचत बसायचे. कान मात्र तिकडे असायचे, खोटं कशाला बोलू.

या बैठकीच्या नंबरातही किशोरने पी घालून कोड आणि हॅश भरून दिले होते. चांगले दोन-तीन महिने चाललं. मग कंपनीने ती फोनवर जमवणारी सोयच दुसऱ्या कुणाकडून घ्यायला सुरुवात केली. नंबर नवा, कोड नवा, आणि टेपवरची नवी बाई महाबडबडी. आधी इंग्रजीत स्वागत, मग हिंदीत स्वागत, मग सूचना. आणि तिचं बोलून संपल्याशिवाय ती एक आकडा ऐकून घेईल तर शपथ! सरिताचा फोन सवयीप्रमाणे दोन सेकंदांनी कोड पाठवून मोकळा. बाईचं स्वागत चालू, कोड गेला वाऱ्यावर. मग बाई कोड मागते आणि सरिताकडून काहीच येत नाही.

सरिताने किशोरला फोन केला. मी समोर होते, तिने स्पीकर लावला होता.

"मॅडम, पी नको तिथे," किशोर म्हणाला. "तिचं बोलणं कधी लांबतं, कधी कमी होतं. पी ठेवून हिशेब लागणार नाही. स्टार आणखी एकदा दाबा, डब्ल्यू येईल. पीच्या जागी डब्ल्यू टाका."

तिने तिथल्या तिथे टाकला. "आला डब्ल्यू. आता?"

"आता काय, डब्ल्यू म्हणजे वेट. थांबायचं."

"थांबायचं?"

"थांबायचं. बाईचं बोलून होऊ द्यायचं. ठेवतो, मॅडम, दुसरा फोन येतोय."

ज्या मुलीला आयुष्यात थांब म्हटलेलं चालत नाही, ती नोकरीसाठी थांबायला शिकली. शनिवारी तिने नंबर लावला, फोन कानाला लावला, गॅलरीच्या कठड्याला टेकली आणि थांबली. बाईने इंग्रजीत स्वागत केलं, हिंदीत केलं, कोड मागितला. सरिता थांबली. बाईने पुन्हा मागितला. सरिता थांबली. बाईने तिसऱ्यांदा मागितला, मग धन्यवाद म्हणाली आणि फोन तोडला.

पुन्हा लावला, पुन्हा तेच. धनराज साहेबांच्या मोबाइलवर लावला, तो बंद, ते बैठकीत. किशोरला लावला.

"ती बाई फोन तोडतेय."

"तुम्ही थांबत नसाल."

"थांबते हो!"

"मग अजून थांबा."

आता हसू नका, मला तेव्हा राग आला होता आणि लिहितानाही येतोय. मी विचारलंही, "अगं, हातानेच दाब ना कोडचे आकडे!" ती म्हणाली, "मॅडम, मध्ये बटण दाबायचं नाही म्हणून त्याने बजावलंय. कोड दोनदा गेला आणि चुकीचा ठरला तर नंबर लॉक होईल. मग सगळ्यांची बैठक अडकवली म्हणून माझ्याच नावाने शंख. आधीच सहा महिन्यांवर टांगलेली आहे मी." हे लॉकचं तिने स्वतःच्या मनाने जोडलेलं होतं. पण भीती अशीच असते, अर्धी कुणीतरी देतं आणि अर्धी आपण घरी करतो.

असे लागोपाठ काही शनिवार गेले. दर वेळी बैठकीनंतरच्या मेलमध्ये एक ओळ: नाशिक गैरहजर. ती कळवायची, मी नंबर लावला होता, आत सोडलं नाही. उत्तर यायचं नाही. मग धनराज साहेबांची मेल आली. नाशिकच्या डिस्पॅचला जबाबदारीची जाणीव नाही, शेडचं काम बाहेरच्या एजन्सीला देण्याचा प्रस्ताव येत्या बैठकीत ठेवू, संबंधितांनी काय ते तिथेच बोलावं. महिन्याच्या शेवटी तिची ऑर्डर संपत होती. एजन्सी आली की नवी ऑर्डर नाही, कायम होणं तर दूरच. सगळं त्या एका शनिवारवर आलं, आणि बोलायची जागा कुठली, तर जिथे तिला शिरताच येत नव्हतं!

त्या शनिवारी भिमाबाईही बरोबर आल्या. विहारातून परस्पर आल्या होत्या, पांढरं लुगडं तसंच. खुर्ची दिली तर बसेनात. "उभीच बरी, बाई. बसले की हिच्या फोनला अपशकुन नको."

"आई, फोनला शकुन नसतो," सरिता म्हणाली. "बाबासाहेबांचा फोटो काय उगाच लावलाय घरात?"

"बरं, बरं. लाव तू."

तिने नंबर लावला. स्पीकर ठेवला, कारण भिमाबाईंना ऐकायचं होतं. टेपवरच्या बाईने स्वागत केलं. सरिता टेबलाशी उभी, मुठी आवळलेल्या. बाईने कोड मागितला. आम्ही तिघी एका नोकियाकडे बघत थांबलो. पुन्हा मागितला.

"अगं, तिला दे काय मागते ते!" भिमाबाई म्हणाल्या. "बिचारी किती वेळा मागतेय."

"देतोय ना, आई, फोन देतोय."

"कुठे देतोय? गप पडलाय."

माझी सहनशक्ती संपली. मी ओरडले, "तोड तो फोन आणि पुन्हा लाव!"

सरितानेही संताप बोटात आणला. आधी लाल बटण दाबायचं, मग हिरवं, हा क्रम. पण रागात क्रम कुठला? तिने फोन तोडलाच नाही, सरळ हिरवं बटण दाणकन दाबलं.

आणि फोनमधून टुक टुक टुक टुक असे सूर निघाले. एकामागून एक, कोडचे सगळे, आणि शेवटचा हॅशचा. बाई एकदम नरमली. म्हणाली, आपल्याला बैठकीत घेत आहोत.

फोन सरितासाठी थांबला होता! ती फोनसाठी थांबली होती! इतके शनिवार दोघंही एकमेकांना आदबीने "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत होते आणि टेपवरची बाई कंटाळून दार लावून घेत होती. डब्ल्यूपाशी फोन थांबतो तो तुम्ही पुन्हा हिरवं बटण दाबेपर्यंत, ही एवढीशी गोष्ट. पडद्यावर काही दिसत असेलही, पण फोन कानाला लावलेल्या माणसाला पडदा दिसतो का? आणि त्या दिवशी टेबलावर होता, तर पडदा तोवर काळा पडला होता. मी जन्मभर व्याकरण शिकवलं. "थांबायचं" या वाक्यात कर्ता नाही. कोणी थांबायचं? किशोरला वाटलं, फोनने, हे उघड आहे. सरिताला वाटलं, आपण, कारण तिला आजवर ज्याने ज्याने हे म्हटलं त्याने तिलाच म्हटलं होतं. यात तिची चूक शोधणाऱ्याने आधी स्वतः एखाद्या खिडकीपुढे उभं राहून यावं.

पण विचार करायला तेव्हा वेळ नव्हता. आत धनराज साहेबांचं बोलणं चालू होतं. आवाज गुळगुळीत, कमावलेला.

"...म्हणून मी म्हणतो, एजन्सीला देऊन मोकळे होऊ. तिथल्या त्या मॅडमना बैठकीला यायचीसुद्धा फुरसत नाही. आजही नाहीतच, बघा."

"आहे, सर," सरिता म्हणाली. "सरिता पगारे, नाशिक."



"अरे वा," धनराज साहेब म्हणाले. "आज मुहूर्त लागला वाटतं. कधी आलात?"

"आत्ता आले. पण दाराबाहेर दर शनिवारी होते. तुमचा कोड कसा पाठवायचा हे अर्धंच सांगितलं होतं. मी प्रत्येक वेळी कळवलंय, तुम्ही एकालाही उत्तर दिलं नाही."

"हे बघा मॅडम, तांत्रिक गोष्टी नंतर. थांबा जरा, आधी प्रस्ताव पूर्ण..."

"नाही थांबत."

भिमाबाईंनी पदर तोंडावर धरला. मी त्यांचा हात धरला, म्हणजे त्या मध्ये बोलायला नकोत.

"नाही थांबत, सर. प्रस्ताव माझ्या शेडचा आहे. तुमच्या एजन्सीने चाचणी म्हणून आमचा माल उचलायचा, असं परवा ठरलं, बरोबर? मग त्यांचे ट्रक आज सकाळी आलेत. वॉचमनचा मला मगाशी फोन आला. दोन ट्रक गेटवर उभे आहेत, आत कुणी नाही."

"कुणी नाही म्हणजे? कामावर का नाही कुणी?"

"आज शनिवार आहे, सर."

"मग?"

"मग आज अंबडला सुट्टी असते."

"कसली सुट्टी?"

हा प्रश्न सगळ्यांनी ऐकला. औरंगाबादवरून कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

"आठवड्याची सुट्टी, सर. दर शनिवारी. तुम्ही नाशिकचं डिस्पॅच पाहता त्याला चार वर्षं झाली असतील. आणि मी दर आठवड्याला माझ्या सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांच्या गॅलरीत उभी राहून तुमच्या दारावर धडका देतेय. जबाबदारीची जाणीव नाही असं मेलमध्ये लिहिलंत. ती सगळ्यांना गेली. आता हेही सगळ्यांनी ऐकलं, बरं झालं."

मग एक म्हातारा, थकलेला आवाज आला. तो डायरेक्टरांचा, हे सरिताने नंतर सांगितलं. "धनराज, एजन्सीचा विषय आज नको. आधी त्या ट्रकांचं बघा." एवढंच. तिची बाजू घेतली असं नाही, हे नमूद करते. लोक नंतर गोष्टी गोड करतात.

फोन ठेवल्यावर सरिता रडली नाही. थंड झालेला चहा एका घोटात संपवला. भिमाबाई म्हणाल्या, "गेली नोकरी." मी म्हटलं, "जाऊ दे." हे मला म्हणायला सोपं होतं, मला पेन्शन आहे.

नोकरी गेली नाही. एजन्सीवाल्यांचे ट्रक रविवार उजाडेपर्यंत गेटवर वाळत पडले आणि त्यांचा प्रस्ताव त्याबरोबर वाळला. महिन्याच्या शेवटी सरिताला पत्र आलं, यावेळी सहा महिन्यांचं नव्हे, कायमचं. भिमाबाईंनी पुन्हा पेढे वाटले. मी या वेळी काही बोलले नाही.

पण पेढा हातात धरून सरिता माझ्याकडे आली ती लालबुंद होऊन. बैठकीचा वृत्तान्त आला होता. त्यात नाशिकच्या गैरहजेरीपुढे लिहिलं होतं: अडचण दूर झाली, कारण यूजर एरर.

"म्हणजे माझी चूक!" ती म्हणाली. "वाचा, मॅडम. यूजर कोण? मी!"

"अगं, कायम झालीस ना?"

"झाले. म्हणून हे चाटून घेऊ?"

मी कशाला अडवते? माझ्याच टेबलावर बसून तिने सगळ्यांना उत्तर लिहिलं. इंग्रजी तिचंच, मी फक्त एक स्वल्पविराम हलवला. त्यात लिहिलं होतं की डब्ल्यू टाकल्यावर फोन थांबतो, आणि हिरवं बटण पुन्हा दाबायचं ते माणसाने, ही सूचना तिला कुणी दिली नव्हती. सबब चूक वापरणाऱ्याची नसून सांगणाऱ्याची आहे, वृत्तान्त दुरुस्त करावा.

किशोरचा फोन आला. "मॅडम, सोडा ना आता. एका शब्दाचं काय घेऊन बसलात?"

"मग तुमच्या नावावर लिहून घ्या तो शब्द. एकच तर आहे."

किशोर हसला, आणि याबद्दल त्याला मी गुण देते, त्याने सगळ्या शाखांना नवी सूचना धाडली. पी: फोन स्वतः पाठवतो, तुम्ही काही करू नका. डब्ल्यू: फोन थांबतो, तुम्ही थांबू नका, हिरवं दाबा. नंतर कळलं की औरंगाबादचे एक गृहस्थही असेच कित्येक आठवडे थांबत होते. पण ते कायम होते, साहेबांच्या ओळखीचे होते, म्हणून त्यांच्या नावापुढे गैरहजर असं कुणी कधी लिहिलं नाही.

वृत्तान्त मात्र दुरुस्त झाला नाही. धनराज साहेब तिथेच आहेत. बैठक अजून शनिवारीच असते. वार बदलायला वरून यायचंय म्हणे. सरिता अजून माझ्या गॅलरीत येते, नंबर लावते, बाईचं स्वागत अर्ध्यावर असतानाच अंगठा तयार ठेवते. त्या नोकियाच्या हिरव्या बटणावरचा रंग पार पुसून गेलाय. बाकीची बटणं नव्यासारखी आहेत.